‘दादाच्या हातचंच खातो’: दार-ए-सलामहून आईला आलेल्या एका निरोपाचं प्रकरण

रविवारी सकाळी साडेसात वाजता वहिनी दारात उभ्या होत्या. हातात फोन, डोक्यावरचा पदर घाईने घेतलेला. "मॅडम, हे आधी वाचा, मग बाकीचं," म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. मी कराडजवळच्या एका गावात बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. या घरातल्या दोन्ही मुलांचे गोवर-कांजिण्यापासूनचे सगळे ताप मी पाहिले आहेत. धाकटा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून टांझानियात, दार-ए-सलामला, प्लास्टिकच्या एका कारखान्यात देखभालीच्या कामावर गेला होता. त्याला तिथे उतरून बारा दिवस झाले होते. त्याला इथे संदीप म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला आईची आणि मुलाची दोघांचीही परवानगी आहे.

निरोप पहाटे तीन चाळीसचा होता. दार-ए-सलामचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, म्हणजे तिथे रात्रीचा एक वाजून गेला होता. रात्री एकला आईला निरोप लिहिणारा मुलगा झोपलेला नाही, हे मजकूर वाचण्याआधीच कळलं.

"आई, झोपली असशील. उद्या फोन नाही आला तर घाबरू नको. कालपासून पोट बिघडलंय. इथलं पाणी आणि खाणं अजून मानवत नाही. दहा-बारा वेळा जाऊन आलो, उलटी एकदाच झाली. अंग जरा कसकसतंय. तू दिलेल्या डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्यात. मी बाहेरचं काही खात नाही, दादाच्या हातचंच खातो आणि पाणी जारचंच पितो. शुक्रवारी फक्त उसाचा रस प्यायलो, आपल्यासारखाच लागला. मीठ-साखरेचं पाणी करून पितोय. बाबांना सांगू नको. सुंठ कशी घ्यायची तेवढं सांग."

वहिनींचा प्रश्न एकच होता, सुंठ तुपातून सांगू की गुळातून? दुसरा प्रश्न त्यांनी चहा पिताना हळूच काढला, तिथे कुणाला तरी सांगून सलाईन लावता येईल का?

मला त्या निरोपात सुंठेपेक्षा मोठ्या पाच-सहा गोष्टी दिसत होत्या. त्यातल्या निम्म्या लिहिलेल्या होत्या आणि निम्म्या लिहायच्या राहिल्या होत्या. घरापासून लांब असलेला मुलगा आईला लिहितो तेव्हा दोन्ही बाजूंनी कातरून लिहितो. काळजी वाटेल ते गाळतो आणि लाज वाटेल तेही गाळतो. जुलाबात रक्त किंवा आव पडते का, हे पंचवीस वर्षांचा कुठला मुलगा आईला लिहील? तसं शेवटची लघवी कधी झाली आणि कसल्या रंगाची, हेही नव्हतं. जुलाबाच्या रोग्याबद्दल मला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मी लघवीचाच विचारीन. जुलाब किती झाले यापेक्षा अंगात पाणी किती उरलं हे महत्त्वाचं असतं, आणि त्याचा हिशोब लघवी देते.

लिहिलेल्यांपैकी मला टोचला तो ‘कसकसतंय’ हा शब्द. ताप म्हणायला पोरं कचरतात, कसकस म्हटलं की तेवढं वाटत नाही. पण हा निरोप दार-ए-सलामहून आलेला होता आणि मुलगा तिथे बारा दिवस होता. फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया चावल्यापासून साधारण सात दिवसांनी किंवा त्यानंतर डोकं वर काढतो, आणि पूर्व आफ्रिकेत मलेरिया बहुतेक याच जातीचा. त्याची सुरुवात उलटी-जुलाबाने झाली की घरचे आणि कधी डॉक्टरसुद्धा ‘पोट बिघडलं’ म्हणून सोडून देतात. तो तिथे उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आजारी पडला असता तर मलेरियाचा विचार मी बाजूला ठेवला असता. अकराव्या दिवशी तसं करता येत नाही. म्हणून तिथला जुलाब तापासकट आला की आधी बोटातून रक्ताचा थेंब काढून मलेरियाची पट्टी बघायची, पोटाचं नंतर. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डास चावल्यानं पोट कशाला बिघडंल?" प्रश्न रास्त होता, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी त्यांच्याच फोनवरून संदीपला व्हिडिओ कॉल लावला.

चेहरा बघून जरा बरं वाटलं. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले, पण बोलणं सरळ. मी वहिनींना आत स्वयंपाकघरात पाणी ठेवायला पाठवलं आणि तेवढ्यात राहिलेलं विचारून घेतलं. रक्त नाही, आव नाही, पाण्यासारखं आणि भरपूर. पोटात मुरडा मारतो, जाऊन आलं की थांबतो. मध्यरात्रीपासून लघवी एकदाच, थोडी आणि गडद चहासारखी. उठून उभं राहिलं की अंधारी येते. थर्मामीटर नाही. त्याच्या खोलीतल्या एका गुजराती मुलाने कपाळाला हात लावून ‘गरम छे’ म्हटलं होतं, तेवढंच.

मग गोळ्या. पाकीट कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं. नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल एकाच गोळीत असलेलं ते औषध होतं. आपल्याकडे प्रत्येक गावाच्या मेडिकलमध्ये हे जुलाबाचं औषध म्हणून चिठ्ठीशिवाय मिळतं. एका गोळीत नॉरफ्लॉक्सासिन चारशे मिलिग्रॅम आणि टिनिडाझोल सहाशे. त्याने रात्रीतून दोन घेतल्या होत्या. शेजारच्या पाकिटात जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी होती, ती त्याने घेतली नव्हती. ती नको, असं मी सांगितलं. ती आतड्याची हालचाल मंद करते. प्रवासात चार तास बसमध्ये बसायचं असेल तर एखाद्याने घ्यावी, पण ताप असताना किंवा रक्त पडत असताना ती घेतली तर जे बाहेर पडायला हवं ते आतच राहतं. टिनिडाझोलच्या त्या दोन गोळ्यांचा विषय मात्र तिथे संपला नाही. तो दोन आठवड्यांनी परत आला.

चमच्याची गोष्ट

"मीठ-साखरेचं पाणी कसं केलंस?" मी विचारलं. "एका ग्लासात एक चमचा मीठ, एक चमचा साखर." कुठला चमचा? त्याने उचलून दाखवला तो पोहे खायचा मोठा चमचा होता. मीठही शिगेला भरून घेतलं होतं. प्यायला गेला तर घशाखाली उतरेना, म्हणून त्यात फ्रीजमधला बर्फ टाकला. अशी जवळजवळ तीन ग्लासं त्याने नेटाने प्यायली होती आणि एकदा उलटी झाली ती त्यानंतरच.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण जुलाबात मीठ-साखर द्यायची हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे, पण माप कुणाला पाठ नाही. जुलाब चालू असतानाही लहान आतड्यातला एक दरवाजा शाबूत असतो. त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. एकटं मीठ दिलं तर फारसं शोषलं जात नाही, एकटं पाणी दिलं तर क्षार मिळत नाहीत. आणि दोन्ही जास्त घट्ट झालं तर उलटंच होतं. आतड्यातलं घट्ट द्रावण शरीरातलंच पाणी स्वतःकडे ओढून घेतं, जुलाब वाढतो आणि तहान भागत नाही. संदीपच्या ग्लासात मीठ हवं त्याच्या कितीतरी पट होतं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात कालवलं आणि ते पाणी नातेवाइकांच्याच हातून रोग्यांना पाजायला लावलं. मृत्यूंचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. तिथे काम झालं ते ‘मोजून’ या शब्दामुळे.

वहिनी आतून पाण्याचं भांडं घेऊन आल्या तेव्हा मी त्यांना कामाला लावलं. सुंठ कशी द्यायची यावर वाद घालण्यापेक्षा हे बरं. माझ्या स्वयंपाकघरातली लिटरची बाटली घेतली. चहाचा छोटा चमचा, पाच मिलिलिटरचा. साखर सहा चमचे, प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने पुसून सपाट केलेला. मीठ तसाच सपाट केलेला अर्धा चमचा. बस. वहिनींनी ते फोनसमोर करून दाखवलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. "हे तर अळणीच लागतंय," म्हणाल्या. तसंच लागायला हवं. डोळ्यातलं पाणी ओठावर आलं की जेवढं खारट लागतं, त्याहून जास्त खारट लागलं तर ओतून द्यायचं आणि नवं करायचं. वहिनींच्या हातचा चमचा पाहून पोरानेही तिकडे तसाच छोटा चमचा शोधला. मी दहा वेळा तोंडी सांगून जे झालं नसतं ते आईच्या हाताने एकदा दाखवल्याने झालं.

दर जुलाबामागे एक पेला, म्हणजे साधारण दोनशे ते अडीचशे मिलिलिटर, आणि तोही घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि मग चमच्या-चमच्याने परत सुरू. त्यासोबत वहिनींनी सुचवलेली मीठ घातलेली भाताची पेज, तीही चालेल. खरं तर ती उत्तमच. तांदळातला पिष्ट हळूहळू ग्लुकोज देतो आणि द्रावण घट्टही होत नाही. आपल्या आज्यांनी हे आधीच करून ठेवलं होतं, फक्त त्यांना वाटायचं की पेज ताकद देते. सुंठेने नुकसान नाही, फायदाही फारसा नाही. डाळिंबाच्या सालीचा काढा तुरट असतो, त्याने जुलाब थोडा आवळल्यासारखा वाटतो, पण गेलेलं पाणी भरून येत नाही.

सलाईनबद्दल वहिनी दोनदा बोलल्या. तोंडाने पाणी राहत असेल तर सलाईनची गरज नाही, हे आपल्या भागात पटवणं मला बावीस वर्षांत जमलेलं नाही. उलट्या थांबतच नसतील, सहा-आठ तास लघवीच नसेल, किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर मात्र एक मिनिट घालवायचं नाही. एवढ्या तीन गोष्टी मी त्यांना कागदावर लिहून दिल्या.

आणि संदीपला सांगितलं की आत्ता सकाळीच जवळच्या दवाखान्यात जा, मलेरियाची तपासणी करून घे. मी इथून त्याला परदेशात औषध लिहून देऊ शकत नाही, देऊही नये. ताप हाताने बघणारा डॉक्टर तिथलाच हवा.

दादा कोण

मी त्याला विचारलं, "ते दादा जेवण करतात ना, त्यांचंही पोट बिघडलंय का?" फोनवर पोरगं एवढं आजारी असूनही हसलं. "काकू, दादा म्हणजे बाई आहे." स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. घरकाम करणाऱ्या बाईला तिथे सर्रास दादा म्हणतात. भावाला काका म्हणतात. वहिनी आणि मी, दोघीही बारा दिवस एका मिशीवाल्या स्वयंपाक्याची कल्पना करत बसलो होतो. दुकानाला तिथे दुका म्हणतात, औषधाला दावा, बर्फाला बराफू आणि कांदा-टोमॅटोच्या कच्च्या कोशिंबिरीला कचुंबारी. तिथल्या किनाऱ्यावर अरबांचा आणि गुजराती व्यापाऱ्यांचा शतकानुशतकं राबता होता, म्हणून असे शब्द कानाला ओळखीचे वाटतात. ओळखीचं वाटतं म्हणून माणूस बेसावध होतो, हे मात्र खरं.

कारण त्यामुळेच संदीपने ‘बाहेरचं काही खात नाही’ असं मनापासून लिहिलं होतं. त्याच्या मते त्याने तिथे येऊन खाल्लं ते सगळं घरचंच होतं: भात, नारळाच्या दुधातली घेवड्याची उसळ, चपाती, कचुंबारी. आणि रस तर आपल्याकडच्यासारखाच, चरकातून काढलेला, लिंबू-आलं पिळून, वर बर्फ. वाळवा-कराडच्या पट्ट्यातल्या पोराला उसाचा रस परका वाटणार कसा? कारियाकूच्या बाजारात त्याला चरक दिसला आणि त्याने दोन ग्लास रिचवले. त्यानंतर साधारण वीस तासांनी पोटात पहिला मुरडा आला. प्रवाशांच्या जुलाबाला कारण होणारे बहुतेक जिवाणू सहा ते बहात्तर तासांत त्रास दाखवतात, त्यात हा काळ चपखल बसतो. एक-दोन तासांत उलट्यांनी सुरुवात झाली असती तर मी आदल्या जेवणातल्या शिळ्या भाताकडे बघितलं असतं. रसात दोष उसाचा क्वचित असतो. दोष असतो बर्फाचा, ग्लास विसळायच्या बादलीतल्या पाण्याचा आणि पुसायच्या फडक्याचा.

आता लोक मला नेहमी विचारतात, की भारतात वाढलेल्या पोराचं पोट एवढं नाजूक कसं? आपल्याला तर सगळं पचतं. काही अंशी ते खरंही आहे. युरोपातून थेट तिथे जाणाऱ्यापेक्षा आपला मुलगा कमी पडतो आजारी. पण आपल्या आतड्याची ओळख असते ती आपल्या गावच्या जंतूंशी. प्रवासी जुलाबात सगळ्यात जास्त वेळा सापडणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू एकच नसतो, त्याच्या अनेक जाती आहेत आणि त्यांची विषं वेगवेगळी. इथल्या जातीशी झालेली जुनी ओळख तिथल्या जातीपुढे अर्धवटच कामाला येते. मिरजेचा माणूस पुण्यात गेला तरी पहिल्या महिन्यात पोट धरून बसतो, ते यामुळेच.

रविवारी दुपारी निरोप आला. मलेरियाची पट्टी कोरी, ताप शंभर पॉइंट चार, वजन पासष्ट किलो. निघताना अडुसष्ट होतं. तिथल्या डॉक्टरांनी जवळ असलेल्या गोळ्या बंद करून अझिथ्रोमायसिन पाचशे, दिवसाला एक, तीन दिवस दिली आणि क्षारांची पाकिटं दिली. साध्या जुलाबाला प्रतिजैविक लागत नाही, तीन ते पाच दिवसांत तो आपसूक ओसरतो. इथे ताप होता, अंधारी येत होती आणि माणूस कामाच्या लायक राहिला नव्हता, त्यामुळे त्यांचा निर्णय मला पटला. पाकिटांबद्दल मी एकच खबरदारी घ्यायला लावली. पाकीट लिटरचं आहे की दोनशे मिलिलिटरचं, ते वाचून घे. लिटरचं पाकीट ग्लासात ओतून पिणारे रोगी माझ्याकडे दर पावसाळ्यात दोन-तीन तरी येतात.

वहिनींचं काम त्या दिवशी ठरलेलं होतं. दर तीन तासांनी एकच प्रश्न पाठवायचा, ‘लघवी झाली का?’ पोरगं सुरुवातीला लाजलं, मग नुसते अंगठे पाठवू लागलं. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने रेघा ओढल्या. रविवारी तीन रेघा, सोमवारी सहा. सोमवारी रात्री त्याने लिहिलं, "आता पिवळी, गडद नाही." मंगळवारी ताप नव्हता, बुधवारी तो कामावर गेला. मी प्रकरण मनातल्या मनात मिटवलं.

दुसरा निरोप

तेरा दिवसांनी वहिनी परत आल्या, या वेळी दवाखान्यात, नंबर लावून. चेहऱ्यावर काळजी नव्हती, तक्रार होती. "आता बरा आहे म्हणतो, पण खाणं लागत नाही अंगाला." फोनवरचा निरोप छोटा होता.

"आई, पोट बरं आहे. दिवसाला तीन-चार वेळा जावं लागतं एवढंच. पण ढेकर फार घाण येतात, अंडं सडल्यासारखे. चहा प्यायलो की पोट नगाऱ्यासारखं फुगतं. पँट कमरेत सैल झाली. तू सांगितलंस तसं रोज रात्री हळदीचं दूध घेतोय."

सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर, फुगलेलं पोट, ताप नाही, रक्त नाही, आणि दोन आठवडे उलटलेले. मी फोन करून शौचाबद्दल विचारलं. फिकट, चिकट, तेलकट, प्रचंड वासाची, पाण्यावर तरंगणारी, दोनदा पाणी सोडूनही न जाणारी. हे चित्र जिवाणूचं नव्हे. जुलाब चौदा दिवसांच्या पुढे गेला की कारणांची यादी बदलते आणि परजीवी वर येतात, त्यात पहिला जियार्डिया. तो लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि स्निग्ध पदार्थांचं शोषण बिघडवतो, म्हणून शौचास तेलकट होते आणि वजन जातं. तो पोटात गेल्यापासून त्रास दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे शुक्रवारच्या रसाचा आणि शनिवारच्या जुलाबाचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. दोन आजार होते, एकापाठोपाठ.

आता त्या दोन गोळ्यांकडे येते. जियार्डियावर टिनिडाझोल हेच चांगलं औषध आहे, पण मोठ्या माणसाला ते एकाच वेळी दोन ग्रॅम द्यावं लागतं. संदीपने घेतलेल्या दोन गोळ्यांत मिळून ते एक पॉइंट दोन ग्रॅम होतं, तेही दोन वेळांना विभागून. परजीवी तेव्हा आधीच आत असेल तर तो त्या मात्रेने दबतो, मरत नाही, आणि आठवडाभराने परत डोकं काढतो. नंतर आत आला असेल तर त्या गोळ्यांचा त्याच्याशी काहीच संबंध नाही. दोन्ही शक्यता धरल्या तरी डब्यातल्या गोळ्यांनी त्याचं भलं केलं नाही.

हळदीच्या दुधाबद्दल सांगायला मला जड गेलं, कारण वहिनी समोरच बसल्या होत्या. जियार्डिया आतड्याच्या ज्या अस्तराला इजा करतो, त्याच अस्तरावर दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य तयार होतं. ते कमी पडलं की दूध न पचता पुढे जातं, तिथे आंबतं आणि वायू धरतो. दिवसाला दोन-तीन चहा आणि रात्रीचं पेलाभर दूध, म्हणजे आईने ताकद यावी म्हणून सांगितलेलं तेच पोट फुगवत होतं. ताक आणि दही चालतं, त्यातली बरीच साखर विरजणानेच खाल्लेली असते. वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पोराला मीच आजारी पाडलं म्हणा की." मी म्हटलं, तुम्ही नाही, पण दूध महिनाभर बंद करा. त्यांना ते काही पटलं नाही, पण निरोप लगेच पाठवला.

तपासणीत एक गोष्ट ठाऊक असायला हवी. जियार्डियाचे कोष रोज शौचातून पडत नाहीत. एका दिवशी भरपूर, दुसऱ्या दिवशी काहीच नाही. संदीपचा पहिला नमुना कोरा आला आणि तो लिहून मोकळा झाला, ‘काही नाही निघालं’. मी आग्रह धरला की वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने दे. तिसऱ्यात कोष दिसले. तिथल्या डॉक्टरांनी टिनिडाझोल दोन ग्रॅम, जेवणानंतर, एकदाच दिलं. औषधानंतर तीन दिवस दारू अजिबात नाही, हे त्यांनी बजावलं. संदीपने ते आईला न कळवता मला वेगळं कळवलं. तोंडात दोन दिवस धातूची चव राहते, ती राहिली. आठवड्यात ढेकर गेले.

पण आलं कुठून? हा शोध मला महत्त्वाचा वाटत होता, कारण परत येऊ शकतं. रविवारी सकाळी दादा यायच्या वेळेला मी संदीपला फोन घेऊन स्वयंपाकघरात फिरायला सांगितलं. वीस लिटरचा सीलबंद जार, तो व्यवस्थित. पाण्याची सुरई झाकलेली. दादा हात धुऊन कामाला लागते, तेही मी पाहिलं. मग तिने कांदा-टोमॅटो नळाखाली धरला आणि कचुंबारी चिरायला घेतली. नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीचं. टाकीत आठवड्यातून दोनदा सरकारी पाणी येतं, बाकीचे दिवस टँकर. शिजवलेल्या भाजीला त्या पाण्याने काही होत नाही, एक मिनिट उकळी आली की जियार्डियाचे कोष मरतात. कचुंबारीला उकळी नसते. क्लोरीनचं म्हणाल तर नेहमीच्या मात्रेला हे कोष पुष्कळ वेळ दाद देत नाहीत.

आणि मग फ्रीज उघडला. बर्फाचा ट्रे. "हा कुठल्या पाण्याने भरता?" संदीप क्षणभर बोललाच नाही. नळाच्या. जारचं पाणी विकतचं, ते बर्फाला कोण वापरणार? ट्रे चौघांपैकी जो रिकामा करेल त्याने नळाखाली धरायचा, असा खोलीचा नियम होता. म्हणजे पहिल्या आजारात तो मोजून-मापून, जारच्या पाण्याने क्षारांचं पाणी करत होता आणि वर त्याच नळाचा बर्फ टाकत होता. गोठवल्याने जियार्डियाचे बरेचसे कोष मरतात, सगळे नाहीत. जिवाणू मात्र बर्फात आरामात टिकतात. त्यामुळे माझा संशय असा, की पहिल्या जुलाबात बर्फाचा वाटा मोठा, बाजारातला असो की घरातला, आणि दुसऱ्या आजारात कचुंबारीचा. दात घासताना चूळ भरायची ती नळाच्याच पाण्याने, ते वेगळंच.

दादाला त्यांनी काय सांगितलं, हे मी मुद्दाम विचारलं, कारण अशा वेळी सगळं खापर तिच्यावर फुटायची भीती होती. संदीपने तिला सांगितलं की भाजी धुवायला जारचं पाणी घे, पैसे आम्ही वाढवून देतो. ती म्हणाली, आधीच सांगायचं होतं, मी माझ्या घरी पाणी उकळूनच वापरते.

ट्रेवर आता पांढरी चिकटपट्टी आहे. त्यावर संदीपने मराठीत लिहिलंय, ‘जारचंच’. बाकीच्या तिघांना वाचता येत नाही, पण पट्टी आहे म्हणजे नळाखाली धरायचा नाही, एवढं त्यांना कळतं. एप्रिलच्या शेवटी त्याचं वजन सदुसष्टवर आलं. वहिनींनी ते कॅलेंडरच्या त्या महिन्याच्या पानावर लिहिलं. फेब्रुवारीच्या पानावरच्या पेन्सिलच्या रेघा त्यांनी खोडलेल्या नाहीत. संदीपच्या वडिलांनी मात्र परवा त्या पाहिल्या आणि विचारलं, हा दुधाचा हिशोब का?